३ किलोवॅटची पवनचक्की आणि २.२ मीटरचा पंखा: हे गणित बसतं का?

पठारावरची

नमस्कार मंडळी. घर पाटण तालुक्यात, पठारावर. उंची अकराशे मीटरच्या आसपास. मागच्या बांधावर उभं राहिलं की समोर मोठ्या पवनचक्क्यांची रांग दिसते, त्यामुळे आपल्याकडे वारा आहे की नाही हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नाही. दोन खोल्या पाहुण्यांना देतो. छतावर २ किलोवॅटचं सोलर आहे आणि आठ महिने ते झकास चालतं. जून लागला की धुकं जे उतरतं ते उठतच नाही, आणि नेमकी तेव्हाच लाइन जाते. म्हणून छोटी पवनचक्की बसवायचा विचार चाललाय.

एक विक्रेता घरी येऊन पत्रक देऊन गेला. त्यावरचं जसंच्या तसं लिहिते: क्षमता ३ किलोवॅट, पंख्याचा व्यास २.२ मीटर, पाती ३, ही क्षमता ११ मी/से वाऱ्याला, खांब ९ मीटर, "सरासरी उत्पादन रोज १८ ते २० युनिट". बॅटरी सोडून पावणेतीन लाख.

मला खटकलं ते एवढंच. २.२ मीटर म्हणजे आमच्या पडवीच्या दारापेक्षा जेमतेम वीतभर जास्त. बोअरची ३ एचपीची मोटर सव्वादोन किलोवॅटची आहे, ती सुरू झाली की घरातले दिवे डोळे मिचकावतात. त्याहून जास्त ताकद एवढ्याशा पंख्यातून येईल? नवरा म्हणतो, वारा बघ ना केवढा आहे. माझं फिजिक्स बारावीला संपलं. कुणी हिशोब करून दाखवेल का?

---

खटपट्या

ताई, हिशोब सोपा आहे. वाऱ्यातली शक्ती म्हणजे हवेच्या घनतेचा निम्मा, गुणिले पंखा फिरतो त्या वर्तुळाचं क्षेत्रफळ, गुणिले वेगाचा घन. वर्ग नाही, घन. घनता १.२ धरा. २.२ मीटर व्यासाचं वर्तुळ म्हणजे ३.८ चौरस मीटर. ११ चा घन १३३१.

०.५ × १.२ × ३.८ × १३३१ = ३०३५ वॅट.

म्हणजे ३ किलोवॅट बरोब्बर. पत्रक खरं आहे. घासाघीस करून अडीचपर्यंत आणा आणि घ्या.

---

गच्चीवाला

खटपट्याभाऊ, एवढ्यात "घ्या" म्हणू नका. पुण्यात सहा मजली सोसायटीच्या गच्चीवर मी "१ किलोवॅट"वाली बसवली होती. वर्षभराचं मीटर वाचन ७० युनिट. वर्षाचं, महिन्याचं नव्हे. वर खालच्या मजल्यावरच्या आजोबांना रात्रभर घरघर ऐकू यायची ते वेगळंच. शेवटी काढली. खांबाला आता डिश अँटेना आहे.

---

खान्देशी_माणूस

आमच्याकडे साक्री तालुक्यात, ब्राह्मणवेलच्या बाजूला, शेताला लागून मोठा टॉवर उभा आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. वारा भन्नाट सुटलेला असतो आणि पंखा बंद. कधी वारा नावालाच असतो आणि पंखा फिरतोय. शिवाय फिरतो तोही किती सुस्त! एवढी मोठी कंपनी यातून कमावते काय? आणि जागेचं भाडं हल्ली किती चाललंय, कुणाला माहीत आहे का?

---

दहिवर

मी चौदा वर्षं पवनऊर्जेच्या साइटवर काढली, आधी धुळ्याकडे, मग साताऱ्यात. भाड्याचं मला विचारू नका, ते करारावर असतं. बाकीचं एकेक बोलू.

आधी खटपट्या. तुमच्या गुणाकारात चूक नाही, पण तुम्ही काढलेत ते वाऱ्याचं उत्पन्न, चक्कीचं नव्हे. त्या वर्तुळातून एका सेकंदात जेवढी हवा जाईल, तिच्यात *एकूण* किती ऊर्जा आहे याचा तो आकडा. ३०३५ मधले ३००० पंख्याने घेतले तर हवेकडे पुढे जायला काय उरलं? जवळजवळ काहीच नाही. म्हणजे हवा पंख्यामागे येऊन ठप्प उभी राहिली. आता एसटीचं दार आठवा. उतरलेला माणूस दारातच उभा राहिला तर मागचे उतरणार कसे? हवेचंही तसंच आहे. मागची हवा हलली नाही तर पुढची आत शिरत नाही, ती पंख्याच्या कडेने वळसा घालून निघून जाते.

म्हणजे दोन्हीकडून पेच आहे. हवेला फार अडवलं तर ती आतच येत नाही. अजिबात अडवलं नाही तर ती येते आणि काही न देता जाते. मधे कुठेतरी सगळ्यात जास्त मिळतं. ते कुठे, हे गटिंगेनमध्ये आल्बर्ट बेट्झ यांनी १९१९ च्या सुमारास मांडलं, म्हणून त्याला बेट्झची मर्यादा म्हणतात. इंग्लंडमध्ये लँचेस्टर त्याआधीच, १९१५ मध्ये, तिथवर पोचले होते, पण नाव बेट्झचं चिकटलं.

उत्तर असं: हवा मूळ वेगाच्या एक तृतीयांश वेगाने बाहेर पडली तर पकड सर्वांत जास्त. तेव्हा पंख्याच्या जागी तिचा वेग दोन तृतीयांश असतो, म्हणजे मोकळ्या वाऱ्यात त्या वर्तुळातून जितकी हवा गेली असती तिच्या दोन तृतीयांशच आत येते. जी येते ती आपली नऊपैकी आठ भाग ऊर्जा देऊन जाते, कारण वेग तिसरा हिस्सा उरला की ऊर्जा नववा हिस्सा उरते. दोन तृतीयांश गुणिले आठ नवमांश, म्हणजे १६/२७. टक्क्यात ५९.३. पातं कुठल्याही आकाराचं असो, कुठल्याही धातूचं असो, उघड्या वाऱ्यात यापुढे जाता येत नाही. यात घर्षण, गिअर, जनरेटर काहीच धरलेलं नाही.

```
P = 0.5 * rho * A * v^3 * Cp
```

यातला `Cp` म्हणजे ही पकड. मोठ्या, नीट चालवलेल्या यंत्रात चांगल्या वाऱ्याला तो ०.४५ च्या आसपास मिळतो. दोन-अडीच मीटरच्या चक्कीत ०.३० मिळाला तरी बनवणाऱ्याच्या पाठीवर थाप मारावी. ताईंच्या पत्रकातल्या यंत्राला ११ मी/से ला ३०३५ चे ३० टक्के, म्हणजे ९०० वॅट. ३ किलोवॅट नाही.

---

खटपट्या

चूक कबूल. बहुतेक विक्रेत्यानेही माझ्यासारखाच गुणाकार करून पत्रक छापलं असणार.

पण दोन शंका आहेत. एक, उरलेले ४१ टक्के जातात कुठे? उष्णता होते का? दुसरी, तीन पात्यांच्या मधे केवढी मोकळी जागा असते! वारा तिथूनच निसटत असेल. सहा पाती लावली तर पकड वाढायला नको का?

---

दहिवर

४१ टक्के "वाया" जात नाहीत. त्यातला काही भाग कडेने वळून गेलेल्या हवेत आहे, काही आरपार गेलेल्या हवेच्या उरलेल्या वेगात. तो वारा वारा म्हणूनच पुढे जातो. म्हणूनच रांगेतल्या मागच्या चक्कीला कमी वारा मिळतो आणि आम्ही दोन टॉवरमध्ये पंख्याच्या व्यासाच्या कितीतरी पट अंतर सोडतो.

पात्यांचं म्हणाल तर हा प्रश्न साइटवर येणारा प्रत्येक पाहुणा विचारायचा. इथे खान्देशी साहेबांच्या "सुस्त" पंख्यालाही उत्तर मिळतं. ६६ मीटर व्यासाचा पंखा मिनिटाला २० फेऱ्या घेतो असं धरा. लांबून आळशी वाटतो. पण पात्याचं टोक एका फेरीत २०७ मीटर कापतं, म्हणजे सेकंदाला ६९ मीटर, ताशी अडीचशे किलोमीटरच्या जवळ. तुम्ही डोळ्यांनी मोकळी जागा बघता, पण तिथे दर सेकंदाला एक पातं येऊन जातं. आधीच्या पात्याने मंदावलेली हवा पुरती सावरायच्या आत पुढचं पातं हजर. वाऱ्याच्या दृष्टीने ती जागा मोकळी नसतेच, अख्खी तबकडीच असते. म्हणून गणितात पात्यांचं नव्हे, त्यांनी झाडलेल्या पूर्ण वर्तुळाचं क्षेत्रफळ घ्यायचं.

पाती वाढवली तर पंखा हळू फिरतो आणि जोर वाढतो. विहिरीचं पाणी ओढणाऱ्या जुन्या पत्र्याच्या चक्क्यांना अठरा-वीस पाती असायची ती त्यासाठी, कारण तिथे दट्ट्या उचलायला जोर हवा. जनरेटरला फेरे हवेत. वेगवान पात्यांनी तीनातच बहुतेक पकड साधते. सहाने मिळणारी वाढ नगण्य, वजन आणि खर्च मात्र दुप्पट.

आणि वारा असताना बंद पंखा? दहा कारणं असतात. लाइन बंद, दुरुस्ती, किंवा वादळी वाऱ्यात यंत्राने स्वतःच पाती वळवून घेतलेली. मंद वाऱ्यात फिरणारा पंखा बहुतेक वेळा नुसताच फिरत असतो, वीज शून्य. तीन-चार मी/से च्या खाली हाती काही लागत नाही.

---

खान्देशी_माणूस

ताशी अडीचशे! आता खालून जाताना वर बघत जाईन. भाड्याचं राहिलंच, असो.

---

मास्तरीणबाई

दहिवर, छान समजावलंत. एक भर. सगळे घनता १.२ का धरताय? ती समुद्रसपाटीजवळची. पठारावरच्या ताई अकराशे मीटरवर आहेत. तिथे हवेचा दाबच कमी, त्यामुळे २० अंशाला घनता १.०५ च्या आसपास येईल. एका फटक्यात आठवा हिस्सा गेला. मग ११ मी/से ला त्या वर्तुळातून जाणारी *सगळी* शक्ती २६५५ वॅट होते. म्हणजे पत्रकातली चक्की बेट्झची मर्यादाच काय, वाऱ्यात मुळात जेवढं आहे त्याहून जास्त देते! बेट्झप्रमाणे कमाल १५७५ वॅट, आणि ०.३० ने जेमतेम ८००.

---

दहिवर

बरोबर, घनता माझ्याकडून निसटली. फक्त ताईंना वीज पावसाळ्यात हवी आहे. तेव्हा हवा गार आणि दमट, म्हणजे जड. थोडं भरून निघेल.

---

मास्तरीणबाई

गार म्हणजे जड, मान्य. दमट म्हणजे जड, नाही! दर वर्षी अकरावीच्या वर्गात यावर भांडण होतं. पाण्याच्या वाफेचा रेणू १८ चा, कोरड्या हवेची सरासरी २९ ची. त्याच दाबाला वाफ आत आली की जड रेणूंच्या जागी हलके येतात. दमट हवा किंचित *हलकी* असते, फार तर टक्काभर. अंगाला जड वाटते ती घाम वाळत नाही म्हणून.

---

दहिवर

चौदा वर्षं चुकीचं सांगत होतो म्हणजे. मुलाला सांगायच्या आत कळलं हे बरं.

---

पठारावरची

सगळ्यांचे आभार. वही घेऊन बसले होते, नवऱ्यालाही बसवलं. दारातल्या माणसाची गोष्ट त्याला लगेच पटली, तो कराड-पाटण गाडीने कॉलेजला जायचा.

आता दुसरा आकडा, रोज १८ ते २० युनिट. ८०० वॅट गुणिले २४ तास म्हणजे १९ युनिट. मग हे तरी खरं निघालं का?

---

दहिवर

नाही, कारण ११ मी/से वारा तुमच्याकडे दिवसरात्र, बारा महिने वाहत नाही. ताशी ४० किलोमीटरचा वारा आहे तो. ९ मीटरवर वर्षाची सरासरी किती आहे, हा खरा प्रश्न.

तुम्हाला समोर दिसणाऱ्या यंत्रांचा मध्य ६०-६५ मीटरवर आहे. जमिनीजवळ वारा गवताला, बांधाला, घराला घासून मंदावतो. ढोबळ नियम असा की उंचीच्या गुणोत्तराचा सातवा मूळ घ्यायचा. ६५ मीटरवर सरासरी ६ मी/से धरली तर ९ मीटरवर ६ × ०.७५, म्हणजे ४.५. ऐकायला फरक फक्त दीड. पण घन आहे हो! ०.७५ चा घन ०.४२. जिथे त्या मोठ्या यंत्राला शंभर मिळतात तिथे तुमच्या खांबावर बेचाळीस. लोक चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचा नकाशा उघडतात, शंभर मीटर उंचीचा वारा वाचतात आणि अंगणात खांब रोवतात.

---

खटपट्या

मी करून बघतो, यावेळी `Cp` धरून. ४.५ चा घन ९१. ०.५ × १.०५ × ३.८ × ९१ = १८२ वॅट. बॅटरी-इन्व्हर्टरची गळती धरून एकूण पकड ०.२५. म्हणजे ४५ वॅट! दिवसाला एक युनिट!! पावणेतीन लाखांत!

---

मास्तरीणबाई

आता उलट्या बाजूने चुकलात. सरासरीचा घन आणि घनांची सरासरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समजा निम्मा वेळ वारा ३ आणि निम्मा वेळ ९. सरासरी ६, तिचा घन २१६. पण खरी शक्ती २७ आणि ७२९ यांच्या मधली, म्हणजे ३७८. पाऊणपट जास्त. जोराच्या तासांनी एवढी कमाई केलेली असते की पडलेल्या वाऱ्याचे तास ती बुडवू शकत नाहीत. वर्षभराच्या नेहमीच्या चढउतारांसाठी सरासरीच्या घनाला १.९ ने गुणायचा संकेत आहे.

४५ गुणिले १.९ म्हणजे साधारण ८६ वॅट. दिवसाला दोन युनिट, वर्षाला साडेसातशेच्या आसपास.

---

गच्चीवाला

म्हणजे छतावरच्या अर्ध्या किलोवॅट सोलरएवढं. मला हे गणित पाच वर्षांपूर्वी कुणी दाखवलं असतं तर आजोबांशी बोलणं तरी टिकलं असतं.

---

घाटमाथा_भटक्या

दहिवर, सातव्या मुळाबद्दल थोडं असहमत. तो नियम सपाट, मोकळ्या माळासाठी. सह्याद्रीच्या कड्यावर पश्चिमेचा वारा उतारावरून चढून येतो आणि माथ्याजवळ दाटतो. आम्ही कड्याच्या काठावर तंबू लावतो तेव्हा जमिनीलगतही उभं राहवत नाही. तिथे ९ मीटर आणि ६५ मीटर यांत एवढा फरक नसणार. ताईंचा वारा ४.५ पेक्षा जास्त असू शकतो.

---

दहिवर

मुद्दा रास्त आहे, पण दुधारी. कड्याच्या माथ्यावर वेग वाढतो हे खरं. धार सरळ तुटलेली असेल तर वारा तिथून वर उडतो आणि काठाच्या जरा आत भोवरे पडतात. तुमचा तंबू जोराने फडफडतो तो वेगाने की भोवऱ्याने, हे तंबू सांगत नाही. भोवऱ्यात चक्की सतत तोंड फिरवत राहते, वीज कमी देते आणि बेअरिंग लवकर जातात. घर काठापासून किती आत आहे यावर सगळं. इथे बसून मी ४.५ म्हणणार आणि तुम्ही साडेपाच, दोघांकडेही पुरावा नाही.

ताई, एक स्वस्त युक्ती. घराजवळ ठरवलेल्या जागी पतंग उडवा आणि दोरीला दर दीड-दोन मीटरवर कापडी फिती बांधा. फीत सरळ ताणून उभी राहते तिथे वारा स्वच्छ. जिथे वेड्यासारखी गोल फिरते तिथे भोवरे. मग खांबाची उंची ठरवा. आणि वेगमापक लावून किमान काही महिने नोंद घ्या.

---

पठारावरची

बऱ्याच दिवसांनी आले, माफ करा. बरंच काही झालं.

पतंग उडवला. भाच्याने जुन्या लाल साडीच्या काठाच्या फिती केल्या. घराच्या पश्चिमेला, जिथे खांब ठरवला होता, तिथे खालच्या चार फिती नुसत्या गिरक्या घेत होत्या. गोठ्याचं छप्पर आणि सिल्व्हर ओकची रांग आडवी येते. पाचवी फीत, अंदाजे दहा मीटरवर, कधी सरळ कधी गोल. वरच्या तीन ताठ. म्हणजे ९ मीटरचा खांब नेमका भोवऱ्यात. गोठ्यापलीकडे साठ पावलांवर उघड्या खडकावर मात्र दुसऱ्याच फितीपासून सगळं सरळ. वायर लांबेल, पण जागा तीच.

तिथे बांबूवर, ९ मीटरला, वेगमापक लावला. जूनच्या मध्यापासून तीन आठवड्यांची सरासरी ७ मी/से.

विक्रेत्याला फोन केला. दोन तृतीयांश आणि एक तृतीयांश सांगायला लागले तर म्हणाला, "मॅडम, छपाईची चूक आहे. ११ नाही, १४ ला ३ किलोवॅट." हेही मांडून बघितलं. १४ चा घन २७४४, वाऱ्यात ५४७४ वॅट. त्यातून ३००० म्हणजे जवळजवळ ५५ टक्के. बेट्झच्या आत आहे खरं, पण दहिवर म्हणतात मोठ्यांनाही ४५ च मिळतात. मग ही चिमुकली ५५ कशी देणार? त्यावर तो म्हणाला, आमचं डिझाइन वेगळं आहे.

---

खटपट्या

ताई, आता तुम्हीच धागा चालवा. ७ मी/से म्हणजे भटक्यांचं खरं ठरलं की काय!

---

मास्तरीणबाई

घाई नको. तीन आठवडे, तेही ऐन मोसमी वाऱ्यातले. ही वर्षाची सरासरी नव्हे. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हाच वेगमापक किती दाखवतो ते बघा, चेहरा पडेल. भटके जिंकले की दहिवर, हे पुढच्या जूनला कळेल.

---

दहिवर

खरंय. पण ताईंचा मूळ प्रश्न आठवा. त्यांना वर्षभराची वीज नकोच आहे. सोलर झोपतं त्या चार महिन्यांची हवी आहे. म्हणून वर्षाच्या सरासरीऐवजी त्या चार महिन्यांचाच हिशोब लावू. ७ चा घन ३४३. मोसमी वारा जरा एकसारखा असतो, म्हणून गुणक १.९ ऐवजी १.५ धरतो, हा माझा अंदाज. पकड ०.२५. २.२ मीटरच्या पंख्याला सरासरी २५५ वॅटच्या जवळपास, दिवसाला सहा युनिट. दिवे, फ्रिज, पाहुण्यांचे फोन, वायफाय यांना पुरेल. पत्रक खोटं आहे, पण त्यामुळे पवनचक्कीच निरुपयोगी ठरत नाही.

आता खरेदीचं. किलोवॅट बघून घेऊ नका, व्यास बघून घ्या. पंखा दीडपट मोठा तर क्षेत्रफळ सव्वादोनपट. जनरेटरवरचा किलोवॅटचा आकडा फक्त एवढं सांगतो की अमुक वेगाच्या वर यंत्र किती झेपवतं.

---

पठारावरची

कोल्हापूरच्या बाजूच्या एका कारखानदाराचं पत्रक मिळालं. क्षमता *१* किलोवॅट, ९ मी/से ला. व्यास ३.२ मीटर. जोराच्या वाऱ्यात शेपूट दुमडून पंखा बाजूला वळतो. किंमत जवळपास तेवढीच. नवरा म्हणाला, तेवढ्याच पैशात ३ च्या जागी १ कशाला?

मी मांडून दाखवलं. ३.२ मीटरचं वर्तुळ ८ चौरस मीटर. ९ चा घन ७२९. ०.५ × १.०५ × ८ × ७२९, म्हणजे ३०६० वॅट वाऱ्यात. त्यातले १००० मागतोय, ३३ टक्के. अडीच मीटरला ०.३० म्हणाला होतात, हे थोडंसं वर आहे. चालेल का?

---

दहिवर

जरा चढवून सांगितलंय, पण विश्वास बसेल असं आहे. ९५० निघाले तर भांडू नका. पहिल्याच्या दुप्पट वर्तुळ. वीज मात्र दुप्पट मिळणार नाही, कारण जोराच्या वाऱ्यात १ किलोवॅटच्या वरचं शेपूट दुमडून सोडून देणार. तरी दीडपटीच्या वर जाईल. शेपटाच्या बिजागरीला ग्रीस किती वेळा लागतं ते विचारा. तुमच्या धुक्यात आधी तीच गंजणार.

---

गच्चीवाला

आणि घरापासून साठ पावलं आहे ना? मग आजोबांची चिंता नाही.

---

पठारावरची

आजोबा नाहीत, सासूबाई आहेत. त्यांना आत्तापासूनच घरघर ऐकू येतेय. खांब अजून कोल्हापुरातच आहे.